तीन मिनिटांचा राग



या परिषदेचं अध्यक्षपद देऊन आपण माझा मान केलात, त्याबद्दल मनापासून आभार. आभाराचं लांबवत नाही, कारण आज मला बोलायचं आहे ते वेळेबद्दलच. गाणं किती वेळ चालावं हे गवई ठरवतो, समोरचे श्रोते ठरवतात, रात्र किती उरली आहे त्यावरही ते ठरतं. पण जवळजवळ पन्नास वर्षं असं एक गाणं आपल्याकडे झालं, ज्याची लांबी तबकडीच्या व्यासाने ठरवली. त्या पन्नास वर्षांत आपले कान कसे घडले हे समजून घ्यायचं, तर तबकडीच्या खाचेपासूनच सुरुवात करायला हवी.

एडिसनने १८७७ साली दंडगोलावर आवाज उमटवला. पुढे मेणाचे सिलिंडर आले. त्यांवर जेमतेम दोन मिनिटं मावत, आणि मुख्य अडचण होती ती प्रतींची. सुरुवातीच्या काळात प्रती हव्या असतील तर गायकाला तेच गाणं कर्ण्यांसमोर पुन्हा पुन्हा गावं लागे. १८८७ साली एमिल बर्लिनरने सपाट तबकडी पुढे आणली. तिच्या एका मूळ मुद्रणावरून साचा बनवता येई आणि साच्यावरून हजारो प्रती छापता येत. सिलिंडर मागे पडला तो मुख्यतः यामुळे.

आता दहा इंची तबकडी डोळ्यांसमोर आणा. मधलं लेबल आणि बाहेरची कड सोडली तर कोरायला अडीच-पावणेतीन इंचांची पट्टी उरते. तिच्यावर एकच खाच आत आत वेढे घेत जाते, इंचाला साधारण शंभर वेढे. म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे फेरे. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी ते सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपतात. बारा इंची तबकडीवर मिनिटभर जास्त. वेढे आणखी जवळ का आणले नाहीत? कारण मोठा आवाज आला की खाच आडवी झोके घेते आणि शेजारच्या वेढ्याची भिंत फुटते. शिवाय वाजवताना पोलादी पिन आणि जड साउंडबॉक्स यांचा भार त्याच भिंतींवर पडायचा. मग फेरे का कमी केले नाहीत? बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला जवळजवळ मीटरभर खाच सरकते, लेबलजवळ तीच चाळीस सेंटिमीटरवर येते. तिथे आधीच तार स्वरांची धार बोथट होते. फेरे आणखी कमी केले असते, तर शेवटचं मिनिट ऐकण्याजोगं राहिलं नसतं. तीन मिनिटांची मर्यादा कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिलानला कारूसोचा आवाज मुद्रित करणारा हाच माणूस. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारं मेण. सुईला हलवायची सगळी ताकद गाणाऱ्याच्या छातीतून यायची. त्या यंत्राला ढोबळमानाने दोनशे-अडीचशे हर्ट्झपासून दोन-अडीच हजारांपर्यंतच ऐकू येत असे. म्हणून तंबोरा जवळजवळ नाहीसा झाला, डग्ग्याचा घुमारा गेला, खर्ज पुसट झाला. तार सप्तकात आवाज लावताना डोकं मागे घ्यावं लागे, नाहीतर सुई खाचेबाहेर उसळे. चूक झाली तर दुरुस्ती नाही. मेण तासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून गायचं. मेणं जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जात, तिथल्या माणसांना गायिका ओळखता यावी म्हणून शेवटी नाव पुकारायचं, आणि ती चार-पाच सेकंदंही त्याच तीन मिनिटांतून जायची. छापायला लागणारी लाख मात्र आपल्याच जंगलांतली. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचं ते मिश्रण.

या चौकटीत ख्याल बसवायचा कसा? हिशेब करून पाहू. विलंबित तिलवाड्याची लय फार संथ न घेता एक मात्रा दोन सेकंदांची धरली, तरी सोळा मात्रांचं आवर्तन बत्तीस सेकंदांचं होतं. सव्वातीन मिनिटांत सहा आवर्तनं. स्थायी दोन आवर्तनं घेते, अंतरा दोन. राग उलगडायला राहिली दोन. आलापी करायची, बोल-आलाप घ्यायचे, तानेपर्यंत पोचायचं, हे त्या दोन आवर्तनांत कोण करणार? म्हणून गवयांनी शहाणपणाने वेगळी वाट धरली. मध्य किंवा द्रुत त्रिताल घेतला, की आवर्तन आठ सेकंदांवर येतं आणि चोवीस आवर्तनं हाती लागतात. पहिल्याच आलापात रागाची ओळख पटेल अशी स्वरसंगती, बंदिश, दोन-चार बोल-ताना, मग दाणेदार सपाट तान आणि मुखड्यावर समाप्ती. ठुमरी, तराणा, नाट्यपद हे प्रकार तबकडीला मानवले, कारण त्यांचा घाटच आटोपशीर होता.

यातून दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्हींचा आपण नीट विचार केलेला नाही. जुन्या तबकड्या ऐकून पुष्कळांचा समज होतो, की त्या पिढीचे गवई भरभर गात, आलापीत रमत नसत. हा समज चुकीच्या साक्षीवर उभा आहे. तबकडी त्यांच्या मैफलीचा नमुना नाही, तो मैफलीतून मुद्दाम काढलेला एक निराळा पदार्थ आहे. दुसरी गोष्ट त्याच्या उलट दिशेची. जे गाऊन घेतलं गेलं तेच उरलं. अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही. त्यांचं गाणं आज आपल्याला त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून, केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या मुद्रिकांतून अंदाजाने बांधावं लागतं. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गुरूच्या शोधात घराबाहेर पडला, तो पुढे भीमसेन जोशी झाला. गुरूसमोर न बसता त्याच्या गळ्याचं वळण कानात साठवता येतं आणि हवं तितक्यांदा पुन्हा ऐकता येतं, ही सोय त्याआधी कुठल्याच शिष्याला नव्हती.

१९२५ साली अमेरिकेत विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि काही वर्षांत ते आपल्याकडे पोचलं. मायक्रोफोन आला तसा गाणाऱ्याला जोर लावायची गरज उरली नाही. हळू आवाजातला श्वास, शब्दाच्या शेवटी सोडलेला स्वर ऐकू येऊ लागला. मराठीत भावगीत रुजलं ते याच सुमारास, हा योगायोग मी मानत नाही. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, तेव्हा रंगभूमीवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज बाजूला पडला आणि एकाशीच बोलावं असा आवाज पुढे आला. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधे छोटे वाद्यमेळ ही भावगीताची बांधणी तीन मिनिटांत अंग चोरून बसवलेली नाही, ती मुळातच तेवढ्यासाठी जन्मलेली आहे. ख्यालाला जी चौकट काचली तिने आपल्याला भावगीत दिलं. म्हणून तबकडीने गाण्याचं नुकसानच केलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

हेच जी. एन. जोशी पुढे एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि लाँग प्लेचा काळही त्यांनी पाहिला. कोलंबियाने १९४८ साली ती तबकडी आणली. लाखेऐवजी व्हिनिल, मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फेरे, इंचाला दोनशेहून अधिक वेढे आणि हलकी बारीक सुई. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर संगीत मावू लागलं. उस्ताद अमीर खाँ यांची १९६० ची मारवा-दरबारी तबकडी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यातलं झुमऱ्याचं एक आवर्तन मिनिटाच्या घरात जातं. जुन्या दहा इंचीवर अशी तीनच आवर्तनं मावली असती. षड्जाला टाळत, रिषभ-धैवतावर थांबत थांबत मारवा कसा उभा राहतो, हे घरात बसून ऐकणं त्या तबकडीमुळे शक्य झालं. विलंबिताची चव जिथे मैफली पोचत नव्हत्या तिथपर्यंत गेली.

मग रचनाकारही लाँग प्ले डोळ्यांसमोर ठेवून विचार करू लागले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ जोशींनीच निर्माण केली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहीरभैरवापासून भूप, देस, पहाडीपर्यंत तबकडीच्या दोन बाजूंत मांडलेला. पहाट ते रात्र चाळीस मिनिटांत संपते. मैफलीत असं होऊच शकलं नसतं. समयचक्राचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकलं असेल, पण रागाची वेळ आता ऐकणाऱ्याच्या घड्याळातून सुटली आणि सुईच्या ताब्यात गेली, हे तिथे स्पष्ट दिसतं. माझ्या मते वीस मिनिटांच्या बाजूनेही स्वतःची एक शिस्त लादलीच. मैफलीतला तासाभराचा राग पुन्हा आटोपशीर झाला, फक्त कात्री जरा दूरवरून चालली.

आता संग्राहकांशी थोडं कामाचं. सुरुवातीच्या तबकड्यांबाबत ‘७८’ या आकड्यावर विसंबू नये. १९२० च्या दशकापर्यंत फेरे सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कसेही असत. मुद्रण ७३.६ फेऱ्यांनी झालं असेल आणि आपण ती ७८ वर वाजवली, तर स्वर बरोबर अर्धा चढतो. १९६ सेकंदांचं गाणं १८५ सेकंदांत संपतं, पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं, आणि बाई तारेत कशा सहज गेल्या याचं आपण उगाच कौतुक करतो. हे ओळखायचं कसं? शेवटी पुकारलेलं नाव पोरकट वाटतं का पाहा. गमक कापऱ्यासारखी होते का ऐका. त्याच बैठकीतल्या दुसऱ्या तबकडीशी षड्ज जुळतो का तपासा. पेटीचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधे अडकला असेल तर वेग बहुधा चुकला आहे. पेटी एखाद्या पट्टीवर बसली म्हणून मात्र वेग बरोबर ठरत नाही, पुऱ्या अर्ध्या स्वराची चूक त्यात लपते. अशा वेळी त्या गायिकेच्या इतर तबकड्यांतली पट्टीच खरी साक्ष.

आज घरोघरच्या तबकड्या संगणकावर उतरवल्या जात आहेत, आणि बहुतेक वेळा डोळे मिटून ७८ वर. माझी विनंती एवढीच. उतरवताना लेबलचा फोटो घ्या. लेबलजवळ काळ्या भागात ठसलेला मॅट्रिक्स क्रमांक लिहून ठेवा. त्यावरून मुद्रणाचा काळ लागतो. कोणत्या वेगाने वाजवली आणि तोच का निवडला, हे सोबत नोंदवा. आवाज स्वच्छ करण्याआधीची, खरखरीसकट असलेली मूळ प्रत वेगळी जपा, कारण खरखर काढताना तार स्वरही जातात आणि ते परत मिळत नाहीत. आणि घरात कुणी ऐकणारं नसेल, तर तबकड्या रद्दीत देऊ नका. या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्याही हवाली करा.