पाळीची वाट पाहू नका

मैत्रिणींनो, माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. पदरी दोन मुलं. नवव्या आठवड्यात त्यांनी गर्भपात करून घेतला होता. ‘एकदा पाळी येऊ दे, मग तांबी बसवू,’ असं त्यांनी मनाशी ठरवलं. दोन महिने झाले तरी पाळी काही आली नाही. सोनोग्राफी केली, तर सात आठवड्यांचा नवा गर्भ!

असं का झालं? स्त्रीबीज आधी बाहेर पडतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. लवकरच्या गर्भपातानंतर, मग तो आपोआप झालेला असो की करवलेला, १० दिवसांतही बीज सुटू शकतं. म्हणजे पाळीच्या आधीच दिवस राहू शकतात.

पिशवी साफ केली असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी त्याच वेळी बसवता येते. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्याही त्याच दिवशी सुरू करता येतात. गर्भपात औषधाच्या गोळ्यांनी झाला असेल, तर मात्र पिशवी रिकामी झाल्याची खात्री करूनच तांबी बसवतात. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर आधी उपचार, तांबी नंतर. तोवर निरोध वापरावा. पाळी नियमित होईपर्यंत दिवस मोजण्यावर विसंबू नये.

त्या बाईंनी पुन्हा गर्भपात करून घेतला. या वेळी मात्र टेबलावरून उठण्याआधीच त्यांना तांबी बसवली होती.