दाराच्या उंचीची साक्ष

नव्या घराच्या जाहिरातीतली सजवलेली खोली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बरेचदा खोलीचा फोटो रिकामा असतो आणि सोफा, टेबल, कुंडी नंतर संगणकावर त्यात ठेवलेली असतात. ती खऱ्या मापाची आहेत की नाहीत, हे साध्या फूटपट्टीने तपासता येते.

त्यासाठी आधी नजरेची रेषा शोधायची. फरशीच्या ज्या सांधेरेषा आत, दूर जातात, त्या पेन्सिलीने वाढवत न्या. त्या जिथे एकत्र येतात, तिथून एक आडवी रेघ ओढा. कॅमेरा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होता, तेवढीच उंची ही रेघ खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर दाखवते. वस्तू जवळ असो की लांब.

आता दार मोजू. समजा, चित्रात ते सात सेंटिमीटर भरले आणि रेघ त्याला खालून पाच सेंटिमीटरवर कापते. दार सात फुटांचे, म्हणजे कॅमेरा पाच फुटांवर होता. साडेपाच फुटांचा माणूस खोलीत कुठेही उभा केला, तरी त्याचे डोके रेघेच्या किंचित वरच राहिले पाहिजे.

सोफ्याची पाठ साधारण अडीच फूट, म्हणजे पाच फुटांच्या निम्मी. पाठीमागचे पाय जिथे टेकतात, तिथून रेघ आठ सेंटिमीटरवर असेल तर पाठ चार सेंटिमीटर हवी. सोफा मागे सरकवला आणि अंतर सहा झाले, तर तीन. जेवणाचे टेबलही अडीच फुटांचेच. तेही जमीन आणि रेघ यांच्या मध्यावर यावे.

पण आठच्या जागी पाठ तीनच सेंटिमीटर भरली तर? मग तो सोफा पाऊण मापाचा आहे. सात फुटांचा तीन माणसांचा सोफा तिथे सव्वापाच फुटांचा होऊन बसला आहे. खोली ऐसपैस वाटते ती त्यामुळे. घरी खरा सोफा आला की पावणेदोन फूट जास्त खातो आणि दाराची फळी पुरती उघडत नाही.

कधी माप बरोबर असूनही वस्तू तरंगल्यासारखी दिसते. टेबलाचा फोटो छताजवळून घेतलेला असेल, तर त्याचा वरचा पृष्ठभाग फारच उघडा दिसतो. तिथे लहानमोठे करून भागत नाही. त्याच उंचीवरून घेतलेला फोटो लागतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. कॅमेरा वर किंवा खाली झुकवला असेल, तर भिंतींच्या उभ्या कडा एकमेकींकडे कलतात. मग हा हिशेब अंदाजापुरताच धरावा. म्हणून आधी दाराच्या चौकटीकडे पाहावे. तिच्या दोन्ही बाजू सरळ, समांतर उभ्या असतील, तर दाराची साक्ष खुशाल मानावी.