एकच खेळ : कोणत्या वयापासून?
(गणेशोत्सवात पालकांसमोर केलेल्या भाषणातून)

"मुलगा तेराचा झाला, आता बाकीचे खेळ सोडवून फक्त क्रिकेटच खेळू द्यावं का?" हा प्रश्न आम्हा मुलांना शिकवणाऱ्यांना दर वर्षी याच मांडवात विचारला जातो. उत्तरादाखल आम्ही एका मुलाची हकीकत सांगतो.

मुलगा 13 वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा. आईवडिलांनी त्याचं फुटबॉल आणि पोहणं बंद केलं. सकाळी 5 दिवस दोन-दोन तास प्रशिक्षण, संध्याकाळी 4 दिवस दीड-दीड तास शाळेचा सराव आणि रविवारी 5 तासांचा सामना. बेरीज झाली 21 तास. क्रीडावैद्यकातला साधा ठोकताळा असा, की आठवड्याच्या शिस्तबद्ध सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. म्हणजे इथे 13. तिन्ही ठिकाणचे शिक्षक आपापली षटकं मोजत होते. एकूण हिशेब मात्र कोणाकडेच नव्हता.

काही महिन्यांत त्याची कंबर डाव्या बाजूला दुखू लागली. स्नायू आखडला असेल म्हणून तेल लावलं, शेक दिला. एक्स-रे स्वच्छ आला. एमआरआयमध्ये मात्र मणक्याच्या मागच्या भागात ताणामुळे पडलेली बारीक चीर दिसली. चेंडू टाकताना कंबर मागे वाकते, बाजूला कलते आणि पीळही खाते. वाढत्या वयातलं हाड हा मारा रोज सोसू शकत नाही. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ही इजा बहुधा डावीकडेच होते. त्या मुलाला कित्येक महिने गोलंदाजी सोडावी लागली.

तेव्हा एका पायावर उभं राहून मागे वाकताना कंबर दुखत असेल, विश्रांतीने थांबून गोलंदाजी सुरू करताच पुन्हा दुखत असेल, तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मग एकच खेळ कधी? बहुतेक खेळांत 15-16 वर्षांनंतर. तोवर दोन-तीन खेळ असू द्यावेत. मात्र त्या सगळ्यांचे तास मिळून वयाच्या आकड्यातच बसवावेत. दुसरा खेळ शरीराच्या वेगळ्या भागाला काम देणारा निवडावा. गोलंदाजाला पोहणं चालेल. संध्याकाळी आणखी एक नेट नको. महेंद्रसिंग धोनी शाळेत फुटबॉलचा गोलरक्षक होता, यष्टिरक्षण नंतर आलं. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत भर लवकर येतो, तिथे आधी निवड करावी लागते. पण तिथेही आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी हवी. वर्षातून एकूण तीन महिने, तुकड्या-तुकड्यांनी का होईना, मुख्य खेळापासून विश्रांतीही हवी.

घरी गेल्यावर एक वही काढा. सगळ्या ठिकाणचे तास आणि षटकं एकाच पानावर लिहा. तो हिशेब आपणच ठेवायचा आहे. तिन्ही शिक्षकांना तेच पान दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!