स्कोअर दोन वर्षांचा, पण मोजायचा कुठल्या तारखेपर्यंत?

परदेशी शिक्षणाच्या भागांवर तुमचे जे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न हटकून असतो. "दादा, माझा आयईएलटीएसचा स्कोअर दोन वर्षं चालतो ना? मग टेन्शन कसलं?" उत्तर "हो, पण" असं आहे. आज आपण त्या "पण"बद्दल बोलू. आणि दुसरी गोष्ट, युनिव्हर्सिटी तुमचा स्कोअर खरा आहे हे कसं तपासते.

आधी दोन वर्षांचं बघू. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई अकॅडेमिक, ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट, या चारही परीक्षांमध्ये मुदत दोन वर्षांचीच आहे. कारण साधं आहे. भाषा वापरली नाही की गंजते, वापरली की सुधारते. त्यामुळे जुना आकडा आजच्या इंग्रजीबद्दल खात्रीने काही सांगत नाही. ही दोन वर्षं परीक्षेच्या तारखेपासून मोजायची. निकाल आला त्या दिवसापासून नाही.

आता खरा प्रश्न. दोन वर्षं सुरू कधी होतात ते कळलं, पण स्कोअर कुठल्या दिवशी जिवंत असायला हवा? अर्ज केला त्या दिवशी? ऑफर आली त्या दिवशी? की कोर्स सुरू होतो त्या दिवशी? हे परीक्षा घेणारी संस्था ठरवत नाही. स्कोअर घेणारा ठरवतो, म्हणजे युनिव्हर्सिटी किंवा व्हिसा देणारं खातं.

माझ्या मावसबहिणीचंच उदाहरण घ्या. ती नाशिकची. तिने १४ ऑक्टोबर २०२३ ला आयईएलटीएस अकॅडेमिक दिली. मग वर्षभर नोकरी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्ससाठी अर्ज केला. कोर्स सप्टेंबर २०२५ ला सुरू होणार होता. तिच्या युनिव्हर्सिटीचा नियम होता की कोर्स सुरू होईल त्या दिवशी स्कोअर दोन वर्षांच्या आतला हवा. सप्टेंबरला तो तेवीस महिन्यांचा झाला असता, म्हणजे बसत होता. ऑफर आली, सगळे खूश.

पुढे एज्युकेशन लोनची कागदपत्रं लांबली, म्हणून तिने कोर्स जानेवारी २०२६ च्या बॅचला ढकलायची परवानगी मागितली. युनिव्हर्सिटीने ती दिली. पण ऑफर लेटर पुन्हा आलं तेव्हा त्यात इंग्रजीची अट नव्याने उघडी झाली होती. कारण ऑक्टोबर २०२५ च्या मध्यातच तिची दोन वर्षं संपत होती. फक्त एका सेक्शनची पुन्हा परीक्षा देण्याची सोय आयईएलटीएसमध्ये आहे, पण ती मूळ परीक्षेनंतर साठ दिवसांच्या आत वापरावी लागते. तिला सगळी परीक्षा नव्याने द्यावी लागली, फीसकट.

तिने काही चुकीचं केलं नव्हतं. बॅच सरकली, पण स्कोअरची तारीख तिथेच राहिली. म्हणून कोर्स पुढे ढकलायचा विचार मनात आला, की सगळ्यात आधी परीक्षेची तारीख काढून नव्या बॅचच्या तारखेशी लावून बघा.

व्हिसाचे नियम आणखी वेगळे असतात. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत प्रोफाइल भरताना आणि नंतर पीआरचा अर्ज करताना, अशा दोन्ही दिवशी निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो. म्हणजे प्रोफाइल भरून तुम्ही ड्रॉची वाट बघत बसलात तरी घड्याळ चालूच असतं. उलट ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी तीन वर्षांपर्यंतचा निकाल चालतो. म्हणून "मित्राचा चालला" हा पुरावा नव्हे. तुमच्या युनिव्हर्सिटीच्या किंवा व्हिसाच्या पानावर कुठली तारीख धरली आहे, ते वाक्य शोधा.

आता तपासणीकडे येऊ. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा भाग फार आवडतो. पण उदाहरण आपल्या चौकातलं देतो. तुम्ही वडापाववाल्याला यूपीआयने पैसे पाठवता. तो तुमच्या स्क्रीनशॉटकडे बघतो का? नाही. तो डबीतून आवाज यायची वाट बघतो. खबर तुमच्याकडून नाही, थेट बँकेकडून यायला हवी. युनिव्हर्सिटीही अगदी हेच करते. तुम्ही अपलोड केलेली पीडीएफ हा स्क्रीनशॉट. अर्जावर पहिली नजर टाकायला तो ठीक आहे, पण पक्का निर्णय डबीच्या आवाजावर.

ही डबी प्रत्येक परीक्षेत थोडी वेगळी आहे. आयईएलटीएसच्या निकालपत्रावर अक्षरं आणि आकडे मिळून एक लांब टीआरएफ नंबर असतो. नोंदणी केलेल्या संस्थांसाठी एक ऑनलाइन सेवा आहे. तिथे युनिव्हर्सिटीचा माणूस हा नंबर टाकतो आणि संस्थेकडचा मूळ निकाल त्याच्या स्क्रीनवर येतो. तो निकाल तुमच्या पीडीएफशी जुळला की झालं. या सेवेत विद्यार्थ्याला शिरता येत नाही. आपलं काम एकच, अर्जात तो नंबर बिनचूक लिहिणं. शून्य आणि ओ यांची गफलत झाली तरी निकाल सापडत नाही.

टोफेलमध्ये उलटं आहे. तिथे ईटीएस ही संस्था स्वतःच युनिव्हर्सिटीला स्कोअर पाठवते. प्रत्येक युनिव्हर्सिटीला चार आकडी कोड असतो. परीक्षेआधी तुम्ही चार ठिकाणं मोफत निवडू शकता, नंतर पाठवायचं तर प्रत्येक ठिकाणामागे पैसे लागतात. आणि दोन वर्षं झाली की ईटीएस तो स्कोअर पाठवतच नाही. घरी जपून ठेवलेल्या प्रिंटचा मग उपयोग शून्य. पीटीई आणि ड्युओलिंगोमध्ये तुम्ही आपल्या अकाउंटमधून संस्था निवडायची आणि पाठवायचं.

आता आपल्या मराठी मंडळींची खास अडचण. आपलं नाव तीन मजली! पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. परीक्षेला नोंदणी पासपोर्टप्रमाणे होते, आणि अर्ज भरताना आपण वडिलांचं नाव गाळतो. किंवा लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. ईटीएसकडून स्कोअर पोचतो, पण युनिव्हर्सिटीच्या सिस्टिमला तो कुणाच्या अर्जाला जोडायचा हे कळत नाही. स्कोअर पोचलेला असतो आणि पोर्टल मात्र "वाट बघतोय" म्हणत राहतं.

हे ओळखायचं कसं? तुमच्या अकाउंटमध्ये स्कोअर पाठवल्याची नोंद आहे, दोन-तीन आठवडे उलटले, तरी अर्जाच्या पोर्टलवर काही हललेलं नाही, तर शंका घ्या. पुन्हा पैसे भरून स्कोअर पाठवू नका, तोही तसाच अडकेल. अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करा. त्यात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, अर्जातलं नाव, जन्मतारीख, परीक्षेची तारीख, परीक्षेचा नोंदणी क्रमांक आणि अर्ज क्रमांक लिहा. एवढं मिळालं की ते हाताने जोडून देऊ शकतात.

शेवटी एक. "परीक्षा न देता बँड मिळवा" असे मेसेज टेलिग्रामवर फिरतात. छापलेला कागद हुबेहूब असेलही, पण नंबर टाकल्यावर मूळ नोंदच निघत नाही. डबी वाजत नाही, आणि तुमचा अर्ज तिथेच संपतो.

तुमची परीक्षेची तारीख आणि बॅचची तारीख कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातली काही गणितं सोडवू. भेटू!