वेतनचिठ्ठीची परीक्षा : उत्तर आधी, यंत्र नंतर

(मंडळाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आस्थापना शाखेतली माणसे. महिनाअखेर सर्वांच्या वेतनचिठ्ठ्या आमच्या टेबलावरून जातात. पूर्वी हे वेतनदेयक हाताने होत असे, आता सॉफ्टवेअर करते. पण ते सॉफ्टवेअर बरोबर आकडे काढते की नाही, हे कोणीतरी तपासावेच लागते. ते काम आम्ही कसे करतो, एवढेच आज सांगायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले-सुना नव्याने नोकरीला लागतात, तेव्हा पहिली चिठ्ठी कशी वाचावी हेही त्यातून कळेल.

आमचा नियम एकच. सॉफ्टवेअर चालवण्याआधी उत्तर हाताने काढून कागदावर लिहायचे. पडद्यावर आकडा आधी दिसला, की आपले मन त्याच्या बाजूने हिशेब जुळवू लागते. म्हणून कागद आधी.

पूर्ण महिन्याची चिठ्ठी सहसा चुकत नाही. चुकते ती महिन्याच्या मध्ये रुजू झालेल्याची. एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन ४४,९०० रुपये, महागाई भत्ता ५५ टक्के म्हणजे २४,६९५, एकूण ६९,५९५. रुजू दिनांक १५ सप्टेंबर २०२५.

आधी दिवस मोजू. तीसमधून पंधरा वजा केले तर पंधरा उरतात, पण रुजू झाल्याचा दिवसही पगाराचा, म्हणून दिवस सोळा. पुष्कळ घोटाळे इथेच होतात. दुसरा प्रश्न भाजकाचा. सप्टेंबर तीस दिवसांचा, म्हणून तीसने भागायचे. कुणी सॉफ्टवेअरमध्ये ३१ कायमचे बसवले असतील, तर हाच पगार ३५,९२० निघतो आणि कर्मचाऱ्याचे जवळजवळ बाराशे रुपये जातात.

आता पैशांकडे येऊ. मूळ वेतनाचे सोळा दिवसांचे २३,९४६.६७ होतात आणि महागाई भत्त्याचे १३,१७०.६७. प्रत्येक रक्कम जवळच्या रुपयात आणून बेरीज केली तर २३,९४७ अधिक १३,१७१ म्हणजे ३७,११८. आधी बेरीज करून मग रुपयात आणली तर ३७,११७. आणि नुसते पैसे छाटून टाकले तर ३७,११६. एकाच माणसाचे एकाच महिन्याचे तीन पगार!

यातला कोणता बरोबर? ते कार्यालयाच्या लेखी नियमावर ठरते, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या मनावर नाही. पण एक कसोटी सगळीकडे चालते. चिठ्ठीवर छापलेल्या ओळींची बेरीज आणि खाली छापलेली एकूण रक्कम जुळलीच पाहिजे. वर २३,९४७ आणि १३,१७१ छापून खाली ३७,११७ आले, तर सॉफ्टवेअर आत पैसे धरून बेरीज करते आणि रुपये फक्त छापण्यापुरते करते, हे लगेच ओळखता येते. एका चिठ्ठीत रुपयाचाच फरक, पण शेकडो चिठ्ठ्यांची बेरीज कोषालयात गेल्यावर देयक जुळत नाही आणि परत येते. मग सगळ्यांचाच पगार अडकतो.

उदाहरण निवडतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. हाच कर्मचारी १२ ऑगस्टला रुजू झाला असे धरून पाहा. ऑगस्टचे ३१ दिवस, त्यातले २० पगाराचे. ६९,५९५ ला वीसने गुणून एकतीसने भागले, की उत्तर येते बरोबर ४४,९००. म्हणजे पूर्ण मूळ वेतनाइतकेच! आता जे सॉफ्टवेअर दिवस मोजायलाही विसरले आणि भत्ता जोडायलाही विसरले, तेही ४४,९०० च दाखवील आणि परीक्षेत पास होईल. चुकीचे आणि बरोबर उत्तर सारखे येईल असे उदाहरण काही तपासत नाही. म्हणून ओबडधोबड आकडे घ्यावेत, पैसे उरतील असे.

आता आयकर. इथे दुसरा कर्मचारी घेऊ, महिना १,२०,००० रुपयांचा, रुजू दिनांक तोच, करपद्धती नवी, आर्थिक वर्ष २०२५-२६. बाकीच्या वजावटी सोडून देऊ. सप्टेंबरचे ६४,००० आणि पुढच्या सहा महिन्यांचे ७,२०,०००, मिळून ७,८४,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की राहतात ७,०९,०००. बारा लाखांपर्यंत करसवलत असल्यामुळे कर शून्य. पण सॉफ्टवेअरने महिन्याच्या पगाराला सरळ बाराने गुणले, तर करपात्र उत्पन्न १३,६५,००० होते, कर आणि उपकर मिळून ८८,१४० निघतो, आणि सात महिन्यांत वाटला तर दरमहा साडेबारा हजार कापले जातात. ज्याला काहीच कर नाही, त्याचे!

याच माणसाने त्याच वर्षात आधी दुसरीकडे ५,०१,००० मिळवले होते आणि तिथे कर कापला नव्हता, असे धरा. तो तपशील त्याने नव्या कार्यालयाला कळवला, की एकूण १२,८५,००० आणि करपात्र १२,१०,००० होते. टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो. पण बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, अशी सीमांत सवलत कायद्यात आहे. म्हणून कर १०,०००, त्यावर चार टक्के उपकर ४००, एकूण १०,४००. ही सवलत बसवायची राहिली तर ६३,९६० निघतात. म्हणून बारा लाख, बारा लाख दहा, आणि जिथे सवलत संपते त्या सुमारे १२,७०,५८८ च्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा, असे चार आकडे आम्ही हमखास तपासतो. चूक टप्प्याच्या मध्यावर नसते, कडेला असते.

आणखी एक सापळा आहे. आधीच्या कार्यालयाने ७५,००० वजा करून आकडा दिला आणि इथे पुन्हा ७५,००० वजा झाले, तर करपात्र ११,३५,००० दिसते आणि कर शून्य. मार्चपर्यंत सगळे खूष, आणि विवरणपत्र भरताना त्या माणसाला कर खिशातून आणि वर व्याजही भरावे लागते. वजावट वर्षातून एकदाच.

शेवटी हप्ते. १०,४०० ला सात महिन्यांत वाटले तर १,४८५.७१ येतात. दरमहा १,४८६ कापले, तर सहा महिन्यांत ८,९१६ होतात आणि मार्चमध्ये १,४८४ कापायचे उरतात. म्हणून आम्ही मार्चची चिठ्ठी मुद्दाम काढून पाहतो. तिथेही १,४८६ च दिसले, तर सॉफ्टवेअर उरलेली रक्कम मोजत नाही, तोच आकडा गिरवते.

हे सगळे कागद आम्ही फाईलला लावून ठेवतो. महागाई भत्ता वाढला किंवा करटप्पे बदलले, की नवी उत्तरे हाताने काढतो आणि जुन्या तारखांची उदाहरणेही पुन्हा चालवतो, कारण नवा दर चुकून मागच्या महिन्यांनाही लागलेला असू शकतो. आपल्या घरी पहिली चिठ्ठी येईल, तेव्हा आपण एवढेच करा : दिवस मोजा, ओळींची बेरीज करा आणि कर किती महिन्यांच्या उत्पन्नावर धरला ते विचारा. शंका आली तर चिठ्ठी घेऊन त्याच महिन्यात आस्थापनेकडे या. मार्चनंतर ती दुरुस्ती फार जड जाते.