माणिक की लालडी?



खामगावच्या सराफ्यात एखादी गृहिणी आजेसासूकडून आलेली माणकाची अंगठी मोडावयास नेते आणि खडा माणिक नसून लालडी, म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत स्पिनेल, असल्याचा निर्वाळा मिळतो, तेव्हा घरात फसवणुकीची कुजबुज सुरू होते; वस्तुतः पुष्कळदा विकणाऱ्यालाही त्या भेदाची खबर नसते.

आपल्या जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात ही रत्ने मिळत नाहीत. ब्रह्मदेशातील मोगोकसारख्या प्रदेशी मात्र दोन्ही संगमरवरात शेजारी शेजारी घडतात, दोहोंना लाली देणारे क्रोमियम एकच, आणि झिजून नदीच्या वाळूत ती एकत्रच सापडतात. अखंड स्फटिक पाहिला तर लालडी अष्टफलक आणि माणिक षट्कोनी असते. परंतु पैलू पाडताच ती साक्ष नाहीशी होते. दोन्ही खनिजे भिन्न आहेत हे फ्रान्समधील रोमे द लील याने १७८३ साली दाखविले. तत्पूर्वी राजांचे जामदारखानेही या भ्रमातून सुटले नव्हते. ‘तैमूर माणिक’ म्हणून विख्यात असलेला, जहांगीर आणि शाहजहान यांची नावे कोरलेला, १७३९ साली नादिरशहाने दिल्लीहून नेलेला आणि १८४९ साली लाहोरच्या खजिन्याबरोबर कंपनी सरकारच्या हाती पडलेला तो सुमारे ३५२ कॅरटांचा खडा लालडीच आहे.

खातरजमा करावयाची तर खडा कोंदणातून सोडवून सूक्ष्म तराजूवर प्रथम हवेत, नंतर बारीक धाग्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलावा. समजा, हवेत तो ३.६० कॅरट भरला. पाण्यात २.६० भरला तर घट एक कॅरट, म्हणजे विशिष्ट गुरुत्व ३.६०, हे लालडीचे, २.७० भरला तर ते ४.००, हे माणकाचे. येथे एक सावधगिरी अवश्य हवी: खड्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला की पाण्यातील वजन कमी दिसते आणि खरे माणिकही लालडीच्या पंक्तीत जाऊन बसते. खडा अर्ध्या कॅरटचा असेल तर तराजूची किंचित चूकही निर्णय फिरविते. अशा वेळी द्विवर्णदर्शक नळीतून पाहावे. माणिक दोन छटा दाखविते, लालडी एकच.

चांगल्या लाल लालडीचे मोल अलीकडे वाढले असले, तरी त्याच तोडीच्या माणकाहून ती पुष्कळ स्वस्त पडते. काठिण्य माणकाचे ९, हिचे ८, म्हणजे रोजच्या अंगठीस ती निःशंक चालते. आणि बाजारातील बहुतेक माणकांना भट्टीचा ताव दिलेला असतो, कित्येकांच्या भेगांत काचही भरलेली असते, तशी संस्कारित लालडी क्वचितच आढळते. म्हणून मध्यम ऐपतीच्या घराने भेगाळ माणकापेक्षा निर्मळ लालडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पावतीवर ‘नैसर्गिक स्पिनेल’ असे लिहून घ्यावे. कारखान्यात घडविलेल्या स्पिनेलचे विशिष्ट गुरुत्व ३.६४ च्या आसपास असते, आणि एवढे अंतर दुकानाच्या तराजूला उमगत नसल्याने तो निवाडा रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेवरच सोपवावा लागतो.