दोन कॅलेंडरांचा मेळ

कचेरीचे एक कॅलेंडर आणि घरचे एक, अशी दोन कॅलेंडरे आज पुष्कळांच्या फोनमध्ये असतात. एकीकडे केलेली नोंद दुसरीकडे आपोआप उमटावी, असे कुणालाही वाटणारच. तशी सोय करणारी साधने मिळतात. पण ती जोडली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, तीच बैठक दोनदा दिसते. दुसरी, आपण केलेला बदल नाहीसा होतो. यातली दुसरी अधिक वाईट. कारण दुबार नोंद निदान डोळ्यांना दिसते, हरवलेला बदल दिसत नाही.

असे का होते? आपण एखादी बैठक तिच्या नावावरून आणि वेळेवरून ओळखतो. यंत्राला तसे करून चालत नाही. वेळ बदलली की ओळखच गेली! म्हणून कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचा जो संकेत १९९८ साली ठरला आणि २००९ साली सुधारला गेला, त्यात प्रत्येक नोंदीला UID नावाची एक खूण दिलेली आहे. नाव बदला, वेळ बदला, खूण तीच राहते. मात्र साधन जेव्हा कचेरीची नोंद घरच्या कॅलेंडरात उतरवते, तेव्हा बहुधा तेथे नवी नोंद तयार होते आणि तिला निराळी खूण मिळते. ही नोंद त्या नोंदीची नक्कल आहे, हे कुठे टिपून ठेवले नसेल, तर परतीच्या फेरीत साधन नकलेलाच नवी नोंद समजते आणि कचेरीकडे पाठवते. झाली दुबार!

म्हणून चांगले साधन स्वतःजवळ एक वही ठेवते, असे समजा. तीत प्रत्येक बैठकीच्या दोन्ही खुणा असतात आणि दोन्हीकडचा मजकूर शेवटी जुळला तेव्हा तो काय होता, हेही असते. या शेवटच्या रकान्याचे मोल एका उदाहरणाने पाहू.

मंगळवारी ११ वाजता बैठक आहे आणि दोन्हीकडे तीच वेळ आहे. सोमवारी सायंकाळी ६ वाजता कचेरीतून कुणी ती दुपारी ३ वर नेली. हा बदल घरच्या कॅलेंडरात उतरण्यापूर्वीच, ८ वाजता, आपण तेथे त्याच नोंदीत टीप लिहिली : ‘मागील वर्षाचे तक्ते न्यावेत.’ आता ‘शेवटी लिहिले ते खरे’ एवढाच नियम साधनाला ठाऊक असेल, तर आपली ८ वाजताची सगळी नोंद ग्राह्य धरली जाईल. टीप राहील, पण तिच्याबरोबर जुनी ११ ची वेळही परत येईल. उलट वही असेल तर साधन दोन्ही नोंदी जुन्या मजकुराशी ताडून पाहते. कचेरीने फक्त वेळ बदलली, आपण फक्त टीप लिहिली; तेव्हा ३ ची वेळ आणि तक्त्यांची टीप, दोन्ही टिकतात. दोघांनीही वेळच बदलली असेल, तर मात्र कुणाचे खरे मानायचे हे माणसानेच आधी ठरवावे लागते.

पुसलेल्या नोंदीचेही तसेच. एक नोंद कचेरीत आहे, घरी नाही. ती कचेरीत नवी आली की घरी पुसली गेली? दोन कॅलेंडरे कितीही वेळ शेजारी ठेवली तरी हे कळत नाही. वहीत तिचे नाव असेल तर ती पुसलेली, नसेल तर नवी.

आपले साधन कसे आहे, हे एका खोट्या नोंदीने तपासता येते. ती एकीकडे लिहा, दुसरीकडे उमटू द्या. मग लगोलग एकीकडे वेळ बदला व दुसरीकडे टीप घाला. पुढची फेरी झाल्यावर दोन्ही बदल टिकले का, ते पाहा. शेवटी एकीकडे ती पुसा आणि ती परत उगवत नाही ना, हे बघा. दर आठवड्याच्या बैठकीचा एकच दिवस बदलूनही पाहावे. कच्ची साधने तेथे जुनी आणि नवी अशा दोन्ही वेळा दाखवतात.

दुबार नोंदी झाल्याच असतील, तर पुसायची घाई करू नका. आधी जोडणी तोडा. नाहीतर आपण नक्कल पुसाल आणि ते पुसणे मूळ नोंदीपर्यंत पोचेल. बैठक आपणच बोलावली असेल, तर ती रद्द झाल्याची सूचनाही सर्वांना जाऊ शकते.

आणि खरे म्हणजे, बहुतेकांना दोन्हीकडे लिहायचे नसतेच, दोन्ही एकत्र पाहायचे असते. त्याला मेळ घालणारे साधन लागत नाही. कचेरीची परवानगी असेल, तर दोन्ही खाती फोनमधल्या एकाच कॅलेंडरात उघडावीत. ते जमत नसेल, तर एका कॅलेंडराचा दुवा दुसऱ्यात जोडावा. दुव्याने आलेल्या नोंदी फक्त वाचता येतात आणि बदल काही तासांनी दिसतो, म्हणून आज सकाळी हललेल्या बैठकीसाठी त्यावर विसंबू नये. फाइल आयात करणे मात्र यापेक्षा वेगळे. ती त्या दिवसाची नक्कल असते, पुढचे बदल तीत कधीच येत नाहीत. प्रत्येक नोंदीचे घर एकच ठेवले आणि बदल तेथेच केला, तर वहीची गरजच उरत नाही.